तहसीलदार साहेबांना पत्र: जुन्या नोंदवहीचे फोटो काढू द्यावेत म्हणून

पणजी तापाच्या साथीत गेली, एवढंच आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कधी गेली, किती वर्षांची होती, आजोबांशिवाय तिला आणखी कोणी लेकरं होती का, हे कोणालाच सांगता येत नाही. आत्या तिचं एक नाव सांगते, थोरले काका म्हणतात ते नाही, ते माहेरचं असेल. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१४ आहे, पण त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जूनच असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहून टाकलेली असायची. म्हणजे दाखला हातात असून नसल्यासारखाच.

या सगळ्याचं उत्तर जिथे असू शकतं अशी एकच जागा होती, ती म्हणजे तालुक्याच्या तहसील कार्यालयातली रेकॉर्ड रूम. इंग्रजांच्या काळात गावात जन्म झाला किंवा कोणी वारलं की त्याची नोंद पाटील-कोतवालाकडून व्हायची आणि ती वही पुढे तालुक्याला जमा व्हायची. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, सरकारी कागदांत गाव नमुना १४. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, आणि त्या गावच्या १९१० च्या आसपासच्या वह्या तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधून ठेवलेल्या आहेत हे चुलतभावाला तिथल्याच एका भाऊसाहेबांनी तोंडी सांगितलं होतं. मला त्या वह्यांच्या पानांचे फोटो हवे होते. आणि त्यासाठी पत्र लिहायचं होतं. या लेखात मी त्या पत्राबद्दलच लिहिणार आहे, कारण घराण्याचा इतिहास शोधणारे बरेच जण नेमके इथेच अडकतात असं माझ्या लक्षात आलंय.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, की फोटो कशाला, नक्कल मागा ना. नक्कल म्हणजे कार्यालयाचा शिक्का असलेली प्रत, ती फी भरून मिळते आणि कोर्टात किंवा दाखल्यासाठी तीच चालते, फोटो चालत नाही. पण नक्कल मिळवायला नोंद आधी माहीत असावी लागते. तुम्ही अर्जात लिहिता अमुक नावाच्या माणसाच्या जन्माची नोंद द्या, क्लार्क त्या वर्षाची वही चाळतो, नाव दिसत नाही, आणि उत्तर येतं "नोंद आढळून येत नाही". आता मजा म्हणजे जुन्या जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. नोंद व्हायची दोन-चार दिवसांत, बारसं व्हायचं नंतर, त्यामुळे रकान्यात बापाचं नाव आणि पुढे मुलगा किंवा मुलगी, बस. शिवाय कित्येक ठिकाणी आडनावही नसतं, नुसतं अमुक बिन तमुक आणि जात. एका गावात एकाच नावाचे तीन बाप निघतात. मग आपला कोणता हे ठरवायला मागची-पुढची पानं पाहावी लागतात, दोन वर्षांनी त्याच बापाला दुसरं मूल झालं का ते पाहावं लागतं, मृत्यूची पानं शेजारी ठेवून जुळवावं लागतं. हे काम रेकॉर्ड रूमच्या टेबलावर उभ्या उभ्या होत नाही.

आणि दुसरं कारण मोडी. आमच्या गावच्या त्या वर्षांच्या वह्या मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, आणि कोतवालाचा किंवा पाटलाच्या कारकुनाचा हात म्हणजे तर प्रत्येक गावाची वेगळी तऱ्हा. मी मोडी शिकलेय, पण छापील पुस्तकातली मोडी वाचणं वेगळं आणि घाईत लिहिलेली वही वाचणं वेगळं. एकाच माणसाचं लिखाण चाळीस-पन्नास ओळी पाहिलं की मग त्याचा र कसा आणि ग कसा ते कळायला लागतं. नक्कल काढली तर बरेचदा कोणीतरी वाचून देवनागरीत लिहिलेली ओळ हातात येते, ती चुकीची वाचली असेल तर तपासायला माझ्याकडे काहीच नाही. फोटो असला की तीच ओळ चार जणांना दाखवता येते.

हे सगळं माझ्या बाजूचं झालं. पत्र लिहायला बसले तेव्हा मी आधी दुसऱ्या बाजूने विचार केला, म्हणजे ज्याच्या ताब्यात ती वही आहे त्या माणसाच्या. अभिलेखपाल. त्याला "नाही" म्हणण्यात काहीच धोका नाही आणि "हो" म्हणण्यात भरपूर आहे, हे समजून घेतलं की पत्र कसं लिहायचं ते आपोआप कळतं. शंभर वर्षांचा कागद, कडा तपकिरी झालेल्या, दुमडलं की तुकडा हातात येतो, पान फाटलं तर जाब त्याला द्यायचा. वहीत कोणी वेगळ्या शाईने एखादा शब्द वाढवला तर चौकशी त्याची. आणि ही भीती उगाच नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला गावोगावच्या याच वह्या बाहेर निघाल्या, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर यादीसकट पानं टाकली गेली. तेव्हापासून या नोंदवहीतल्या एका शब्दाला केवढी किंमत आहे हे सगळ्या महाराष्ट्राला कळलंय. त्यामुळे कोणी अनोळखी माणूस येऊन म्हणाला की मला वहीचे फोटो काढायचेत, तर रेकॉर्ड रूममधल्या माणसाच्या मनात पहिली शंका तीच येणार, आणि ती यायलाच हवी. (ज्यांना शोधायचंय त्यांनी आधी जिल्ह्याची वेबसाइट जरूर बघावी, आपल्या गावाचं पान तिथे असू शकतं. फक्त तिथे त्या शोधात ज्या नोंदी निघाल्या तेवढीच पानं असतात, सलग वही नसते.)

तेव्हा पत्रातलं प्रत्येक वाक्य त्या माणसाच्या एकेका भीतीला उत्तर देणारं हवं असं मी ठरवलं. आपल्या पूर्वजांबद्दलच्या भावना, वारसा, मुळांचा शोध वगैरे काही नको, ते इथे लिहायला ठीक आहे पण फाइलवर त्याचा उपयोग नाही. साहेबांना शेरा मारायला सोपं जाईल असं पत्र हवं. मी लिहिलेलं पत्र गावाचं आणि माणसांची नावं काढून खाली देतेय.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, (तालुका), जि. सातारा.

विषय: मौजे (गाव) येथील जुना गाव नमुना १४ (जन्म-मृत्यू नोंदवही) पाहण्यास व त्यातील पानांची छायाचित्रे घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

मौजे (गाव) हे माझे आजोबा कै. (नाव) यांचे मूळ गाव आहे. मी आमच्या घराण्याचा इतिहास लिहीत असून त्याकरिता मला पुढील नोंदी पाहावयाच्या आहेत: जन्म, सन १९१० ते १९२०, मृत्यू, फक्त सन १९१८. ही अंदाजे साठ पाने असतील.

पाने आपल्या कार्यालयातील अभिलेखपाल यांच्या समक्ष, ते सांगतील त्या दिवशी व त्या जागी पाहीन. पाने त्यांनीच उलटावीत अशी माझी विनंती आहे. छायाचित्रे मोबाइलवर, फ्लॅश न वापरता घेईन. जवळ पेन ठेवणार नाही, टिपणे पेन्सिलने करीन. जी पाने जीर्ण असल्याने उघडणे योग्य नाही असे अभिलेखपाल सांगतील ती उघडण्याचा आग्रह धरणार नाही.

ही छायाचित्रे जातीच्या दाखल्यासाठी, जमिनीच्या किंवा वारसाच्या कोणत्याही प्रकरणात पुरावा म्हणून वापरणार नाही. अशी गरज पडल्यास रीतसर अर्ज करून प्रमाणित नक्कल घेईन. इतर कुटुंबांच्या नोंदी असलेली पाने प्रसिद्ध करणार नाही. काढलेल्या सर्व छायाचित्रांची एक प्रत कार्यालयास विनामूल्य देईन.

नियमाप्रमाणे होणारी फी भरण्यास तयार आहे. परवानगी देणे शक्य नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, पत्ता, मोबाइल)
सोबत: आधार कार्डाची प्रत, आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत, वंशावळ.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा लिहिल्यात. विषयात "जुना" आणि कंसात "जन्म-मृत्यू नोंदवही" लिहिलंय, कारण आजच्या महसुली नमुन्यांत गाव नमुना १४ म्हणजे गावच्या पाण्याच्या साधनांची नोंदवही. नव्याने आलेल्या क्लार्कला नुसतं नमुना १४ म्हटलं तर तो तलाठ्याकडे पाठवेल, आणि तलाठी म्हणेल आमच्याकडे जन्म-मृत्यू नाही, ग्रामपंचायतीत जा. ग्रामपंचायतीतही एवढं जुनं सहसा नसतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, आणि मला हवं होतं ते त्याच्याही पन्नास वर्षं आधीचं.

साठ पानांचा अंदाज हवेतला नाही. दीड हजार वस्तीच्या गावात त्या काळात वर्षाला साधारण पन्नास-साठ जन्म होत असतील, वहीच्या एका पानावर दहा-बारा ओळी धरल्या तर वर्षाची पाच पानं, दहा-अकरा वर्षांची पन्नास-पंचावन्न, आणि १९१८ च्या मृत्यूंची थोडी जास्त. आकडा दिला की समोरच्याला कळतं की हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. "जुनी सगळी रजिस्टरं बघायची आहेत" असं लिहिलं तर तो मनात आठवडा मोजतो आणि अर्ज खाली जातो. वर्षंही त्यासाठीच आवळली. मृत्यू फक्त १९१८ चे मागितले, कारण पणजी गेली ती तापाची साथ त्याच वर्षीची असणार असा माझा अंदाज होता. मला खरं तर १८९० पासूनची पानं बघायला आवडली असती, पण एकदा विश्वास बसला की दुसरं पत्र लिहिता येतं.

पाने त्यांनीच उलटावीत हे वाक्य माझ्या मते सगळ्यात कामाचं. त्याने फाटण्याची आणि शाईची, दोन्ही काळज्या एकदम जातात, आणि माझाही फायदा, कारण दोन्ही हात मोबाइल धरायला मोकळे राहतात. लेखी कारण मागितलं कारण "जीर्ण आहे" आणि "आढळून येत नाही" या दोन उत्तरांत फार फरक आहे. जीर्ण आहे म्हणजे वही आहे, आज ना उद्या तिचं स्कॅनिंग होईल, विचारत राहायचं. आढळून येत नाही म्हणजे ती दुसऱ्या रुमालात गेलेली असू शकते, गावाचा तालुका मधल्या काळात बदलला असू शकतो, किंवा खरंच नष्ट झालेली असू शकते. मग पुढचं पत्र त्या गावाच्या अभिलेखांची यादी मागायचं. तोंडी उत्तरात हे सगळं एकाच "नाही"मध्ये संपतं.

बरेच जण सल्ला देतात की सरळ माहितीचा अधिकार टाका. तो रस्ता आहेच. २००५ च्या त्या कायद्यात अभिलेखाची पाहणी करणं, टिपणं घेणं, प्रमाणित प्रती घेणं हे सगळं माहितीच्या हक्कात धरलेलं आहे, आणि कलम ८(३) मुळे वीस वर्षांपूर्वीच्या घटनांच्या माहितीला खासगीपणाचं कारण सहसा पुढे करता येत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण मी पहिल्या पत्रात त्याचा उल्लेखही केला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आला की कार्यालय त्याच्याकडे प्रकरण म्हणून बघतं, नेमकं जेवढं द्यायचं तेवढंच देतं, आणि मला तर रुमाल सोडणाऱ्या माणसाचा थोडा वेळ आणि थोडी आस्था पण हवी होती. साध्या अर्जाला उत्तरच आलं नसतं तर तो टाकलाच असता. तेव्हासाठी एक गोष्ट पहिल्या दिवशीच करून ठेवायची, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन पोच जवळ ठेवायची. नुसतं टेबलावर ठेवून आलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

काही आठवड्यांनी शेरा मारून पत्र खाली आलं, अभिलेखपाल यांच्या समक्ष पाहणीस व छायाचित्रे घेण्यास हरकत नाही, मूळ अभिलेखास बाधा येऊ नये. म्हणजे माझ्याच पत्रातल्या अटी उलट्या होऊन आल्या, आणि मला तेच हवं होतं.

फोटोंबद्दल थोडं सांगते कारण परवानगी मिळून फोटो वाया गेलेले मी पाहिलेत. लोक आपली ओळ दिसली की तेवढीच जवळून टिपतात. घरी आल्यावर ते कोणत्या गावाचं, कोणत्या वर्षाचं, जन्माचं की मृत्यूचं काहीच कळत नाही. म्हणून आधी वहीच्या पुठ्ठ्याचा फोटो, मग गावाचं नाव आणि वर्ष जिथे लिहिलंय त्या पानाचा, मग रकान्यांची डोकी दिसतील असं पहिलं पूर्ण पान, आणि तिथून पुढे एकही पान न गाळता, कोरं पानसुद्धा. चारही कडा फ्रेममध्ये हव्यात, त्याने पान फाटलेलं होतं की फोटोत कापलं गेलं ते नंतर कळतं. खिडकीजवळ टेबल घ्यायचं पण थेट ऊन पडू द्यायचं नाही, ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर आपलीच सावली पानावर पडते, तेव्हा टेबल फिरवायचं. वही पूर्ण सपाट उघडायचा हट्ट नको, शिवण तुटते, डावं पान वेगळं आणि उजवं पान वेगळं असं घ्यायचं. प्रत्येक पाच-सहा पानांनी एक फोटो मोठा करून अक्षर वाचता येतंय का ते तिथेच बघायचं. आणि निघताना शेवटचा फोटो वही बंद केल्यावर पुन्हा पुठ्ठ्याचा, म्हणजे एक वही कुठे संपली ते मोबाइलमध्ये स्पष्ट राहतं.

१९१८ ची मृत्यूची पानं मी घरी सावकाश वाचली. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता आणि सप्टेंबरनंतर इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यात पसरली, ऑक्टोबरमध्ये तिचा कहर झाला, हे इतिहासात वाचलेलं होतं. वहीत इन्फ्लुएन्झा हा शब्द कुठेच नाही. उन्हाळ्यापर्यंत एका पानात दोन-अडीच महिने बसतात, कारणाच्या रकान्यात कधी ताप, कधी खोकला, कधी हगवण. ऑक्टोबर लागतो आणि एका आठवड्याला पान पुरत नाही. ताप, खाली ताप, त्याच्या खाली तसंच. लिहिणाऱ्याचं अक्षर बारीक होत जातं, ओळी एकमेकींना चिकटतात, आणि मग मधूनच हात बदलतो, दुसऱ्याच कोणाचं तरी अक्षर सुरू होतं. पहिला लिहिणारा आजारी पडला का, वारला का, ते वहीत शोधलं तर सापडेल कदाचित, पण त्याचं नाव मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पणजी आहे. आत्या सांगते तेच नाव, पुढे कोम, म्हणजे बायको, आणि पणजोबांचं नाव, वय बावीस. आणि त्यानंतर नऊ दिवसांनी पणजोबांच्याच नावाने एक मुलगी, वय एक. या मुलीबद्दल आमच्या घरात कोणी कधी एक शब्द बोललेलं नाही. मी परत जन्माच्या पानांकडे गेले, तर १९१७ मध्ये पणजोबांच्या नावापुढे मुलगी अशी ओळ आहे, बाळाचं नाव अर्थातच नाही. नुसती नक्कल मागितली असती तर ती मला सापडली नसती, कारण मी तिला मागितलंच नसतं. आत्याला फोन केला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे दादांना धाकटी बहीण होती." ती आजोबांना दादा म्हणते.

आणि आजोबांच्या जन्माची नोंद मात्र या वहीत नाही. १९१० ते १९२० सगळी पानं दोनदा वाचली. पणजोबांच्या नावाची आणखी तीन माणसं आहेत पण त्यांचे बाप वेगळे आहेत, ते मृत्यूच्या आणि जन्माच्या पानांवरून जुळवून बाजूला केले. आधी वाईट वाटलं, पण यात नवल काही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. बाळ जिथे जन्मलं त्या गावच्या वहीत नोंद व्हायची, बापाच्या गावच्या नाही. धाकटी इथे जन्मली म्हणून ती इथे सापडली, आजोबा थोरले, ते आजोळी जन्मले असणार. आई गेल्यावर ते वाढलेही तिथेच, शाळेचा दाखलाही त्याच गावचा आहे, आणि ते गाव दुसऱ्या तालुक्यात येतं.

ज्यांना आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद मूळ गावात मिळत नाही त्यांनी हे नक्की करून बघा, आजोळचं गाव कोणतं ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुषांना ते फारसं सांगता येत नाही असा माझा अनुभव आहे.

आता दुसऱ्या तहसील कार्यालयाला पत्र लिहितेय. या वेळी फक्त जन्म, सन १९१२ ते १९१६, अंदाजे पंचवीस पानं. बाकी मजकूर तोच ठेवलाय, सोबतच्या कागदांत पहिल्या कार्यालयाच्या शेऱ्याची प्रत जोडलीय आणि त्यांना फोटोंची प्रत दिल्याची पोचही. एक वाक्य नवीन घातलंय, की बाळाचा बाप परगावचा असल्याने त्याचा राहण्याचा गाव ज्या रकान्यात किंवा शेऱ्यात लिहिला असेल तो भाग फोटोत पूर्ण यावा म्हणून पानाची उजवी कड मोकळी मिळावी, कारण बांधणीत किंवा चिकटपट्टीखाली नेमकी तीच कड गेलेली असते. सोमवारी पत्र देऊन पोच घेणार आहे.